ग्रामसभेत काहीच ठरलं नाही, तर प्रोसिडिंगमधे काय लिहायचं?

पैनगंगाकाठ
26 जानेवारीच्या ग्रामसभेत पिण्याच्या पाण्याच्या नवीन विहिरीच्या जागेवर दोन तास वाद झाला न् शेवटी काहीच ठरलं नाही. आमच्या सचिवाकडे तीन गावांचा चार्ज आहे, ते म्हणाले तुम्ही सदस्य आहात तर कच्चं लिहून द्या, मी रजिस्टरात उतरवतो. बाकीचे सदस्य म्हणतात "सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिही. मला वाटते विषय काहून थांबला ते पूर्ण लिहिलं पाहिजे. तुमचं मत सांगा.

दोन टर्म सदस्य
भाऊ तुमच्या बाकीच्या सदस्यांचं बरोबर आहे. रजिस्टर म्हणजे काही घरची वही नाही, उद्या कोणीही माहितीच्या अधिकारात झेरॉक्स काढते न् गावभर वाटते. कोण काय बोललं हे एकदा कागदावर आलं की तो माणूस पुढच्या सभेत आपलं म्हणणं बदलू शकत नाही, बदलायचं असलं तरी लाजेनं बदलत नाही. आमच्याकडे स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय असाच अडला, वाद पूर्ण लिहिला होता, त्यात दोन भावकीची नावं होती, पाच वर्षं झाली ते एकमेकाच्या मांडवात जात नाहीत. जे ठरलं ते लिहा, नाही ठरलं तर एक ओळ लिहा न् मोकळे व्हा.

संत्रापट्टा
एवढं काय विचारून राह्यले, कोरम नव्हता म्हणून सभा तहकूब असं लिहा. एकूण मतदाराच्या 15 टक्के किंवा 100 यातले जे कमी ते लागतात, तेवढे शेवटपर्यंत कुठं बसतात? तहकूब सभा पुन्हा घेतली की तिले कोरमची गरज नाही, पंधरा जण बसले तरी जागा पास होऊन जाते.

पैनगंगाकाठ
नाही जी, कोरम होता. मीच सह्या मोजल्या, 118 होत्या. बाकीचे विषय मंजूर झाले, फक्त चार नंबरचा अडला.

निवृत्त सचिव
संत्रापट्टावाले भाऊ, सभा तहकूब होणं वेगळं न् विषय पुढं ठेवणं वेगळं. कोरम असताना सभा तहकूब लिहिली तर पहिली गोष्ट ते खोटं, आणि दुसरी म्हणजे त्याच सभेत जे तीन विषय मंजूर झाले त्यांच्यावर उद्या कोणीही बोट ठेवते की सभाच तहकूब होती तर हे मंजूर कसे झाले. एका शब्दापायी पूर्ण सभा संशयात जाते.

आता मूळ विचारलं त्यावर. मी 28 वर्षं प्रोसिडिंग लिहिलं, त्यातली सुरुवातीची काही वर्षं मी बी "सविस्तर चर्चा झाली" असंच लिहीत होतो कारण माझ्या आधीचे तसंच लिहीत होते. त्या ओळीनं काय होते ते सांगतो. पुढच्या सभेत लोकं तोच वाद पहिल्या वाक्यापासून सुरू करतात, कारण मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो ते कोणाच्याच जवळ नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या ओळीखाली दोन बोटं जागा कोरी राहते. बऱ्याच गावात सह्या आधी होतात न् रजिस्टर नंतर निवांत भरल्या जाते हे आपल्या सर्वांना माहीत आहे, मग त्या कोऱ्या जागेत महिन्याभरानं "सर्वानुमते मंजूर" बसते. वर सही तुमची, खाली अक्षर दुसऱ्याचं. तुम्ही बीडीओकडे जाऊन काय सांगाल?

म्हणून काहीच ठरलं नाही तर "निर्णय झाला नाही" हे शब्द स्वच्छ लिहायचे, त्याच्या पुढच्या ओळीत काहून झाला नाही ते, मग कोण काय करणार न् कधीपर्यंत, आणि उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारायची. कारण असं पाहिजे की ते संपलं का नाही हे कोणालाही तपासता येईल. "अधिक विचारासाठी पुढं ठेवला" हे कारण नव्हे, विचार कधी संपला ते कसं कळणार? "जमीनमालकाची लेखी संमती नाही" हे कारण आहे, कागद आला की ते संपते. तुमचा विषय नेमका कशावर अडला ते आधी सांगा.

पैनगंगाकाठ
दोन जागा आहेत. एक नाल्याकाठची, तिथं पाणी लागेल असं बरेच जण म्हणतात पण वावर खाजगी आहे न् मालक पुसदला राहतात, सभेत नव्हते, त्यांच्या पुतण्यानं सांगितलं काका दानपत्र करून देतील. दुसरी शाळेमागची, ती ग्रामपंचायतीची आहे पण तिच्या बाजूची बोअर मागच्या उन्हाळ्यात मार्चमधेच आटली. काही जण म्हणाले नवीन विहीर नकोच, जुनीचा गाळ काढा. भूजल सर्वेक्षणवाल्यांचा रिपोर्ट कोणत्याच जागेचा नाही. शेवटी लोकं कंटाळून उठून गेले.

हिशोबाची वही
एक टेक्निकल गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, निर्णय नाही म्हणजे ठराव नाही, ठराव नाही म्हणजे ठराव क्रमांक टाकायचा नाही, सूचक अनुमोदक पण लिहायचे नाहीत. नंबर टाकला की तो ठराव समजल्या जातो.

निवृत्त सचिव
अर्धं बरोबर आहे भाऊ. जागेचा ठराव नाही, त्याला नंबर द्यायचा नाही, हे खरं. पण सभेनं जर म्हटलं की हा विषय अमुक तारखेला पुन्हा घेऊ, आणि त्याला लोकांनी हो म्हटलं, तर तो पुढं ठेवण्याचा ठराव आहे, त्याला सूचक अनुमोदक दोन्ही येतात. पैनगंगाकाठ, तुमच्याकडे लोकं उठून गेले की कोणी तारीख सांगितली? यावर तुमचं वाक्य बदलते.

पैनगंगाकाठ
उठायच्या आधी सरपंचांनी 20 फेब्रुवारीला विशेष ग्रामसभा घेऊ म्हटलं होतं न् लोकांनी हात वर केले. पण तेव्हा अर्धे उभे होते.

गटाची सचिव
मी बचत गटाचं लिहिते, तुमचं रजिस्टर मोठं आहे पण गोष्ट तीच आहे म्हणून सांगते. आमच्या गटात दोघींनी एकाच महिन्यात कर्ज मागितलं, एकीला शेळ्यांसाठी न् एकीला पोराच्या फीसाठी, पेटीत दोघींपुरते पैसे नव्हते. मी लिहिलं, पुढच्या महिन्यात पाहू. बस एवढंच. पहिली ताई आधीपासून थांबून होती, आधी तिला द्यायचं असं तोंडी बोललो होतो. मग मी माहेरी गेले बाळंतपणाला, नवीन सचिवानं वही वाचली, तिला काहीच कळलं नाही, तिनं दुसरीला देऊन टाकलं. पहिली ताई गट सोडून गेली. पेटीत इतके कमी आहेत, आधी हिला, हे दोन शब्द लिहिले असते तर.

दोन टर्म सदस्य
ताई तुमचं वाईट वाटलं, पण गटात दहा बाया असतात, इथं पूर्ण गाव आहे. मी कारण लिहू नका म्हणत नाही, आता सचिव साहेब बोलले ते कोऱ्या जागेचं मलाही पटलं. नावं लिहू नका म्हणतो. पुतण्या म्हणाला काका दानपत्र देतील, हे त्याच्या नावानं लिहिलं न् काका नाही म्हणाले तर त्या पोराचं गावात काय राहील?

झाडीपट्टी
गडचिरोलीहून लिहितो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाची ग्रामसभा तुम्ही ऐकली असेल, 2009 मधे सामूहिक वनहक्क मिळाला ते गाव. तिथं मतदान नाही, सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत जाते. एकाचाही विरोध असला तरी थांबतात न् त्याचं म्हणणं समजून घेतात. म्हणून निर्णय न होणं म्हणजे सभा वाया गेली असं मी मानत नाही. पण ज्याचा विरोध आहे त्याचं म्हणणं कागदावर नसलं तर पुढच्या बैठकीत समजून कोणाचं घेणार? मी म्हणतो नाव पाहिजे.

निवृत्त सचिव
नावाबद्दल माझी पद्धत सांगतो. म्हणणं लिहायचं, बोलणाऱ्याचं नाव नाही. पण कोणी उभं राहून म्हटलं माझा विरोध नोंदवा, तर नावासहित नोंदवायचा, तो त्याचा हक्क आहे. पुढच्या कामाला मात्र माणूस पाहिजेच, नाव नको असेल तर पद लिहा. "ग्रामपंचायतीने पाठपुरावा करावा" असं लिहिलं की ते काम कोणाचंच नसते. आणि झाडीपट्टी, तुमच्याकडे बैठका लवकर लवकर होतात. आमच्याकडे 26 जानेवारी झाली की पुढची 1 मे, तोपर्यंत विहीर तळाला जाते. थांबणं परवडते का हे बी पाहावं लागते.

पैनगंगाकाठ
हे कच्चं लिहिलं, पाहून सांगा.

"विषय क्र. 4 : नवीन विहिरीची जागा ठरवणे. नाल्याकाठची खाजगी जागा व शाळेमागची ग्रामपंचायतीची जागा अशा दोन जागांवर चर्चा झाली. नाल्याकाठच्या जागेची मालकाची लेखी संमती नाही. शाळेमागच्या जागेजवळची बोअर मागील मार्चमध्ये आटल्याचे ग्रामस्थांनी सांगितले. दोन्ही जागांचा भूजल सर्वेक्षणाचा अहवाल नाही. जुन्या विहिरीचा गाळ काढण्याचीही सूचना आली. या कारणांमुळे आज निर्णय झाला नाही. विषय 20 फेब्रुवारीच्या विशेष ग्रामसभेत ठेवावा असे ठरले. सचिव यांनी 30 जानेवारीपर्यंत भूजल कार्यालयास पत्र द्यावे. सरपंच व प्रभाग 2 चे सदस्य यांनी 10 फेब्रुवारीपर्यंत जमीनमालकाची भेट घ्यावी."

निवृत्त सचिव
चांगलं आहे. "निर्णय झाला नाही" च्या पुढं "कोणतीही जागा नाकारलेली नाही" हे टाका, नाही तर शाळेमागची जागा सभेनं फेटाळली असं कोणीतरी वाचेल. गाळ काढणं हा जागेचा विषयच नव्हे, त्याला तिकडं वेगळा नंबर द्या, दोन्ही एकात राहिले तर 20 तारखेला पुन्हा तेच होईल. आणि त्या विशेष सभेच्या नोटिशीत हा विषय नावानिशी छापला पाहिजे, आयत्या वेळच्या विषयात घुसवू नका, नाहीतर ज्याला विरोध करायचा तो येणारच नाही न् मग म्हणेल मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट सुटली. 20 तारखेपर्यंत रिपोर्ट आला नाही तर काय? ते आताच लिहू नका, कारण सभेत ते बोललं गेलं नव्हतं, तुमच्या मनचं प्रोसिडिंगमधे जाऊ नये. पण रिपोर्ट आला नाही तर उन्हाळ्यापुरती खाजगी विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव, हा वेगळा विषय नोटिशीत घ्या.

दोन टर्म सदस्य
मालकाला भेटायचं ते कागदात आलं, ठीक. पण 10 तारखेला ते तोंडी हो म्हणाले न् सही नाही दिली तर तुम्ही काय लिहिणार, संमती आली की नाही?

निवृत्त सचिव
नाही आली. भेट झाली, सही मिळाली नाही, एवढंच. तोंडी होकार होता असं लिहिलं की वर्षभरानं तुमची विहीर दुसऱ्याच्या वावरात राहते.

पैनगंगाकाठ
पुतण्याचं वाक्य काढलं, दोन टर्मवाल्या भाऊंचं ऐकलं. गाळाचा विषय वेगळा केला. उद्या सचिव येऊन राह्यले, माझ्यासमोर उतरवायला लावतो न् रेघ मारूनच उठतो.

झाडीपट्टी
रेघ मारा, पण विरोध करणाऱ्या त्या चारपाच जणांना एकदा वाचून दाखवा. त्यांनी म्हटलं हे आमचं म्हणणं नव्हे, तर कच्च्यातच दुरुस्त करता येईल, 20 तारखेला मागचं इतिवृत्त कायम करताना भांडण नको.