सीए, सीएस की सीएमए: काम 'तेच' कसं?

जयसिंगपूरकर: सीएत सहा वर्षं घालवू नका. सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स, निम्म्या वेळेत, निम्म्या फीत होतो आणि काम तेच. आणि सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, हा तर मीटिंगचं इतिवृत्त लिहिणारा कारकून!

ठाणेकर फडके: काम तेच? मग आयकराच्या टॅक्स ऑडिटवर सीएमएची सही चालवून दाखवा. ती सीएचीच लागते. आणि १० कोटी पेड-अप भांडवलाच्या प्रायव्हेट कंपनीलासुद्धा पूर्णवेळ सीएस नेमावाच लागतो. कायदा कारकुनासाठी जागा राखून ठेवत नाही.

सहा वर्षांचं गणितही जुनं आहे. २०२३ पासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली. २०२५ला बारावी झालेली मुलगी घ्या. जानेवारी २०२६ला पहिली परीक्षा, फाउंडेशन, पुढे आठ महिने अभ्यासाची अट, म्हणून इंटर जानेवारी २०२७ला. निकालानंतर आर्टिकलशिप, ती संपते २०२९च्या वसंतात. मग सहा महिने अभ्यास आणि त्यानंतरची पहिली फायनल. साधारण साडेचार वर्षं, पण पेपरांचा एकही ग्रुप न अडकता. तिथेच सगळी गोम आहे.

प्राची: अडकतोच! माझ्या भावाचा इंटरचा एक ग्रुप इतका रेंगाळला की घरात विषयच काढत नाही कुणी. इन्स्टिट्यूटची फी किरकोळ हो, क्लासवाल्यांनी लुटलं.

जयसिंगपूरकर: पुण्या-मुंबईच्या ऑफिसांबाहेर बघा जरा. आमच्याकडे पावलोपावली साखर कारखाने. प्रत्येकाला कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचं ऑडिट, सक्तीचं, आणि ते सीएमएच करतो.

ठाणेकर फडके: प्रत्येकाला नाही. सक्ती कंपनी कायद्याखाली आहे. तुमचे सहकारी कारखाने कंपन्या कुठे आहेत? खासगी कारखान्याला लागू, तेही एकूण उलाढाल ५० कोटी आणि त्या उत्पादनाची २५ कोटी असेल तर.

जयसिंगपूरकर: सहकारी कारखान्यात कॉस्टिंग विभाग नसतो का? टनामागे खर्च कोण काढतो, चेअरमन?

ठाणेकर फडके: असतो. पण ती नोकरी, कायद्याने राखलेली सही नाही. दोन्ही एकाच दावणीला बांधू नका.

सांगलीची वैशाली: खासगी कारखान्यात कॉस्टिंगलाच आहे मी. उसाच्या बिलापासून चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या, विजेपर्यंत खर्च वाटून देते. वाढीव रिकव्हरीचा, म्हणजे साखर उताऱ्याचा, टनामागे किती फरक पडला, हे आमच्या सीए साहेबांना माझ्याकडूनच कळतं. सीएमएचं ट्रेनिंगही १५ महिन्यांचंच होतं. पण निम्मी फी म्हणाल तर साफ खोटं. इंटरचीच वीस हजारांच्या वर आहे, सीएच्या इंटरपेक्षा जास्त.

जयसिंगपूरकर: बरं बाई, फी मागे घेतो. फडक्यांना पेढे पाठवा.

प्राची: ते राहू द्या. पुतणी आर्ट्सला आहे, सीएस चालेल का?

ठाणेकर फडके: चालेल, शाखेची अट नाही. प्रवेश परीक्षेत थोडं गणित आहे आणि पुढे ट्रेनिंग २१ महिन्यांचं. कायद्याची कलमं वाचायचा कंटाळा नसेल तरच भरा फॉर्म.

जयसिंगपूरकर: आणि इतिवृत्त लिहायचा!