मदत हवी आहे: नवीन मुलीला महिनाभरानंतर कौतुकाचा मेसेज कसा लिहू?

आमच्या अकाउंट्स टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला महिना झाला, तिला व्हॉट्सॲपवर पर्सनल मेसेज टाकायचाय. GSTR-2B, म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दिसणारं आपल्या टॅक्स क्रेडिटचं स्टेटमेंट, आणि आपलं पर्चेस रजिस्टर जुळवताना एका सप्लायरचं बिल टूबीत दिसेना, आम्ही असलं सरळ "पेंडिंग" लिहून पुढे जातो, हिने मात्र बिलच काढून बघितलं तर त्यावर आपला जीएसटी नंबरच नाही, म्हणजे त्याने ते बीटूसीत, जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकाची विक्री म्हणून भरलेलं आणि त्याने दुरुस्ती केल्याशिवाय आपलं क्रेडिट टूबीत येणारच नव्हतं. वर विचारते, बिल घेतानाच नंबर का बघत नाही? (आता बघतो.)

"गुड वर्क, कीप इट अप" लिहून बघितलं, फॉरवर्ड वाटतं. सविस्तर लिहिलं तर अप्रेझल लेटर झालं. सध्या एवढंच आहे: "तू ते बिल काढून बघितलंस म्हणून चूक सापडली. असंच विचारत जा, मी कामात दिसलो तरी."

प्रोबेशन चालू आहे त्यामुळे कन्फर्म केल्यासारखं वाटायला नको, आणि ग्रुपवर टाकणार नाहीये, जुनी मंडळी दुखावतील. तर बिलाचा किस्सा ठेवून, तिच्या प्रश्न विचारण्याचं कौतुक कसं लिहू की तिला ते टोमणा वाटणार नाही?