कोट्यवधी की कोट्यावधी?

मृण्मयी:
एका बातमीत 'लक्षावधी वारकरी' आणि खाली 'कोट्यवधी रुपये' असं वाचलं. दुसरीकडे 'कोट्यावधी' दिसलं. माझी शाळा इंदूरला, हिंदी माध्यमातली, त्यामुळे मराठी व्याकरण आत्ता शिकतेय. 'लक्षा' चालतं तर 'कोट्या' का नाही?

सुहास:
चालतं की! अ आणि अ एकत्र आले की आ होतो, हे शाळेत घोकलंय. अवधी अ-नेच सुरू होतो. कोट्यावधीच बरोबर.

वसुधाताई:
सुहास, नियम खरा आहे, पण इथे तो लागतच नाही. 'लक्ष'च्या शेवटी अ आहे, तो 'अवधी'च्या अ-ला भेटला आणि आ झाला. 'कोटि'च्या शेवटी मात्र इ आहे. (सुटा लिहिताना आपण 'कोटी' दीर्घ लिहितो, त्याने इथे फरक पडत नाही.) इ-पुढे अ आला की इ-चा य् होतो आणि मागून येणारा अ जसाच्या तसा त्या य्-वर बसतो. कोट् + य् + अवधी. यात आ येणार कुठून?

म्हणून मृण्मयी, पुढचा शब्द सोडवून बघायचा. 'अत्याचार', 'अत्याधुनिक' यांत आ आहे, कारण आचार आणि आधुनिक हे शब्दच आ-ने सुरू होतात. 'अधिक' अ-ने सुरू होतो, म्हणून अत्यधिक. 'अत्याधिक' सर्रास छापतात, पण 'आधिक' असा शब्द तिथे नाहीच.

मृण्मयी:
म्हणजे इ-नंतर कुठलाही स्वर आला की य, असं लक्षात ठेवू?

सुहास:
हो, कुठलाही.

वसुधाताई:
कुठलाही नाही! इ-पुढे पुन्हा इ किंवा ई आली तर दोन्ही मिळून दीर्घ ई होते. रवि + इंद्र = रवींद्र, गिरि + ईश = गिरीश. वेगळा स्वर आला तरच य्: प्रति + एक = प्रत्येक, अति + उत्तम = अत्युत्तम. उ-चा असाच व् होतो. युग + अंतर = युगांतर, पण मनु + अंतर = मन्वंतर.

गंमत अशी की 'गत्यंतर', 'स्थित्यंतर' लिहिताना सहसा कोणी चुकत नाही, आजूबाजूला धर्मांतर, स्थलांतर असूनही. माझा अंदाज, लक्षावधी-कोट्यवधी आणि लक्षाधीश-कोट्यधीश या जोड्या बोलताना एका दमात येतात, म्हणून पहिल्यातला आ दुसऱ्यात घुसतो.

बबनराव:
आम्ही गावच्या देवळात वडिलांच्या नावानं बाक दिला. त्यावर 'स्मृत्यार्थ' कोरलंय. आता ते चूक म्हणायचं का? आणि कोट्यवधी म्हणजे नेमके किती कोटी धरायचे?

वसुधाताई:
बबनराव, स्मृति + अर्थ म्हणजे 'स्मृत्यर्थ'. आ असलेला शब्द हवा होता तर 'स्मरणार्थ' होताच, कारण 'स्मरण'च्या शेवटी अ आहे. 'प्रीत्यर्थ'ही तसाच. पण कोरलेला दगड कशाला काढता, वाचणाऱ्याला अर्थ कळतो. कोट्यवधी म्हणजे अनेक कोटी, नेमका आकडा त्यात नसतो.

निखिल:
मग 'जिल्हाधिकारी' आणि 'शहराध्यक्ष' यांचं काय? जिल्हा अरबीतून आलेला, शहर फारसीतून. संस्कृतचे नियम त्यांना कसे लागले?

वसुधाताई:
मराठीने लावून घेतले. जिल्हा + अधिकारी, आ आणि अ मिळून आ. शहर + अध्यक्षही तसंच. पण 'समित्यध्यक्ष' कोणी म्हणत नाही, 'समितीचे अध्यक्ष' म्हणतो. दोन्ही शब्द संस्कृत असूनही!

निखिल:
शहराध्यक्ष मला पटत नाही. 'शहराचा', 'शहरात' यांतलं 'शहरा' हे सामान्यरूप आहे. त्यालाच अध्यक्ष जोडला आणि पुढचा अ गळला. मराठीत असं होतंच की: नाही + असा = नाहीसा, खिडकी + आत = खिडकीत. तिथे कुठे य येतो?

वसुधाताई:
खिडकीचं उदाहरण चांगलं आहे. मराठी घडणीत दोन स्वर भेटले की बऱ्याचदा एक गळतो. म्हणून नदी + आत = नदीत, पण नदी + उद्गम = नद्युद्गम. तरी शहराध्यक्षात मी संधीच मानते. सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं, 'अध्यक्ष' तर नाम आहे. शिवाय 'पक्षाध्यक्ष' समोर असताना नवा शब्द त्याच्यावरूनच बेतला जाणार.

निखिल:
पक्षाध्यक्षात 'पक्षाचा अध्यक्ष' हेच ऐकू येतं मला. बोलणाऱ्याच्या मनात 'पक्षा' आधीच तयार असतं.

मृण्मयी:
तुमचं चालू द्या. मी सकाळपासून शब्द सोडवत बसलेय. 'इत्यादी' म्हणजे इति + आदि, तिथला आ 'आदि'चा, बरोबर ना?

वसुधाताई:
बरोबर. आता 'स्वागत' आणि 'स्वल्प' सोडव. दोन्हींत पहिला शब्द एकच आहे.