मदत हवी आहे: वडिलांच्या फोटोतील चष्म्यावरची चकाकी कशी काढावी?

मृण्मयी_सांगली:

नमस्कार. वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी घरीच, दिवाणखान्यातील खिडकीच्या उजेडात त्यांची काही छायाचित्रे काढली. त्यांतील एकच सर्वांना पसंत पडले असून ते १२ बाय १८ इंचांत छापून घ्यायचे आहे, परंतु चष्म्याने घात केला आहे. फोटोत आपल्या डाव्या हाताला दिसणाऱ्या काचेत खिडकी जशीच्या तशी उमटली आहे, अगदी गजांसकट, आणि तिच्या पांढऱ्या पट्ट्याखाली बुबुळाचा खालचा अर्धा भाग झाकला गेला आहे. उजव्या काचेवर मात्र नुसती हिरवट झाक आहे आणि तिच्यातून डोळा दिसतो. मी गिंपमध्ये क्लोन वापरून पाहिले, तर डोळा बाहुलीच्या दुकानातला वाटू लागला. मूळ रॉ फाइल माझ्याकडे आहे. त्याच बैठकीतील आणखी दोन फोटोही आहेत: एकात ते चष्मा लावून हसत आहेत, तर दुसऱ्यात चष्मा पुसण्यासाठी काढला आहे. कोठून सुरुवात करावी?

कोकणकडा:

पुढच्या वेळी पोलरायझर फिल्टर लावा, म्हणजे हा प्रश्नच उद्भवणार नाही. सध्यापुरते सांगायचे तर उजवा डोळा उचलून, आडवा उलटवून डाव्या जागी बसवा. दहा मिनिटांचे काम आहे.

बाबुराव_स्टुडिओ:

कोकणकडा, पोलरायझरचे आपण म्हणता ते अर्धेच खरे आहे. काचेवरून बऱ्यापैकी तिरपा येणारा प्रकाश तो अडवतो, म्हणून दुकानाच्या काचेसमोर किंवा पाण्यावर त्याचा गुण दिसतो. व्यक्तिचित्रात मात्र चष्मा कॅमेऱ्याकडे जवळजवळ सरळ तोंड करून असतो, आणि तशा कोनात फिल्टर कितीही फिरवला तरी फारसा फरक पडत नाही. डोळा उलटवण्यातही एक खोट आहे. खिडकी डावीकडे असल्यामुळे दोन्ही डोळ्यांतील प्रकाशाचा ठिपका बुबुळाच्या डाव्या अंगाला असणार, आणि उलटवलेल्या डोळ्यात तो उजवीकडे जाईल. परक्या माणसाला नेमके काय बिघडले ते सांगता येणार नाही, पण घरच्यांना ते लगेच खटकेल.

मृण्मयीताई, आपल्याकडे दोन वेगळे दोष आहेत, तेव्हा त्यांवरचे उपायही वेगळेच करावे लागतील.

आधी सोपी काच घेऊ. हिरवट झाक म्हणजे डोळ्यावर वरून पडलेला जादा प्रकाश. तिच्याखालचा डोळा शाबूत आहे. हा जादा प्रकाश किती, हे बाहुली सांगते, कारण बाहुली जवळजवळ काळीच असायला हवी. रंग उचलण्याच्या साधनाने झाकेखालच्या बाहुलीचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे पाहा आणि हसऱ्या फोटोतील स्वच्छ बाहुलीचे आकडे शेजारी लिहून येथे द्या.

मृण्मयी_सांगली:

झाकेखालच्या बाहुलीचे आकडे ५८, ८४, ७१ असे आले. स्वच्छ बाहुली १४, १३, १५ आहे.

बाबुराव_स्टुडिओ:

उत्तम. हिरवा सर्वांत जास्त चढला आहे. चकाकीरोधक लेपाच्या काचेवर उरणारे प्रतिबिंब बहुधा अशाच रंगाचे असते. आता लेयरची प्रत काढा आणि त्या प्रतीवर `Levels` उघडून प्रत्येक रंगवाहिनीचा काळा बिंदू वेगळा सरकवा: लाल सुमारे ४७, हिरवा ७५, निळा ६०. (आपल्याकडे हे आकडे ० ते १०० मध्ये दिसत असतील, तर मापन ० ते २५५ करून घ्या.) बाहुली पुन्हा काळी होईल आणि डोळ्याचा पांढरा भाग फारसा हलणार नाही. त्यानंतर `Add Layer Mask` घेऊन मास्क पूर्ण काळा ठेवा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त झाकेपुरता उघडा. झाक सर्वत्र सारखी नसते. कडेला ती विरळ होत जाते, म्हणून तेथे ब्रशची अपारदर्शकता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. गालाची त्वचा जांभळट दिसू लागली, तर हिरवा जास्त कापला गेला असे समजून तेवढाच थोडा मागे घ्या.

नेहा_पुणे:

माझ्या मुलीच्या ओळखपत्राच्या फोटोतही चष्मा चमकतो. सरळ चष्मा काढून फोटो का घेत नाही? बहुतेक अर्जांना तसाच चालतो.

मृण्मयी_सांगली:

नेहाताई, हा फोटो अर्जासाठी नसून भिंतीवर लावायचा आहे. बाबांना चष्म्याशिवाय आम्ही कोणीच ओळखणार नाही!

बाबुरावकाका, उजवी काच साधली. डाव्या काचेसाठी चष्मा काढलेल्या फोटोतील डोळा घेऊ का? त्यात तो अगदी स्पष्ट आहे.

बाबुराव_स्टुडिओ:

आधी रॉ फाइल उघडून एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणा. पांढऱ्या पट्ट्यात बुबुळाची कड उमटली, तर तेथे माहिती शिल्लक आहे. नुसता सपाट करडा रंग आला, तर ती गेली. तेथे डोळा दुसरीकडूनच आणावा लागेल.

चष्म्याशिवायचा डोळा शक्यतो टाळा. वडिलांचा नंबर काय आहे? उणे नंबरच्या काचेमागे डोळा लहान दिसतो आणि गालाची कडही काचेच्या आत सरकलेली दिसते. उणे ५ असेल तर फरक पाच-सात टक्क्यांचा पडतो. उघडा डोळा तसाच चिकटवला, तर तो एक डोळा वटारल्यासारखा दिसेल.

मृण्मयी_सांगली:

नंबर उणे साडेपाच आहे. एक्स्पोजर खाली आणल्यावर करडाच रंग आला.

बाबुराव_स्टुडिओ:

मग हसरा फोटो घ्या. रॉ रूपांतर करताना दोन्ही फोटोंना तेच व्हाइट बॅलन्स द्या. हसरा डोळा वरच्या लेयरवर ठेवून अपारदर्शकता निम्मी करा आणि जुळवताना चष्म्याच्या फ्रेमकडे पाहू नका, कारण हसताना मान थोडी वळलेली असते. नाकाकडचा डोळ्याचा कोपरा आणि बुबुळाची वरची, शाबूत राहिलेली कड या दोन खुणा जुळल्या की पुरे. हसताना खालची पापणी वर चढते, म्हणून पापणीची त्वचा घेऊ नका. बुबुळाचा खालचा भाग आणि त्यालगतचा पांढरा भाग एवढाच मास्कमधून उघडा. पापणीखालची त्वचा गालावरूनच हील साधनाने भरून येईल.

मृण्मयी_सांगली:

तीन तास लागले, पण डोळा बसला. पापणीची कड मात्र थोडी अंदाजानेच रंगवावी लागली. आता काचेच्या खालच्या कोपऱ्यात गजांची एक पुसट रेघ उरली आहे. तीही काढू का?

बाबुराव_स्टुडिओ:

गजांचा आकार ओळखू येत असेल तर तो मोडा, परंतु उजेडाची बारीक तिरीप राहू द्या. काचेवर काहीच चमकले नाही, तर फ्रेम रिकामी वाटते.

कोकणकडा:

येथे मी सहमत नाही. १२ बाय १८ मध्ये ती तिरीप बोटाएवढी दिसेल. मी असतो तर पूर्ण काढली असती. आणि पुढच्या वेळी चष्म्याच्या काड्या कानावरून चार-पाच मिलिमीटर उचला, म्हणजे काच खाली झुकते आणि खिडकी जमिनीकडे निघून जाते. निदान हे तरी पूर्ण खरे आहे ना, बाबुराव?

बाबुराव_स्टुडिओ:

हे पूर्ण खरे आहे, फक्त फ्रेमची वरची दांडी पापणीवर येत नाही ना, तेवढे पाहायचे. ताई, तिरीपेचा निर्णय पडद्यावर घेऊ नका. डोळ्यांभोवतीचा तुकडा अंतिम छपाईच्याच मापात ठेवून ४ बाय ६ च्या कागदावर छापून घ्या आणि तो हातभर अंतरावरून बाबांनाच दाखवा.

मृण्मयी_सांगली:

उद्या छापून आणते. आईचे म्हणणे आहे की खिडकी आमचीच आहे, राहू दे थोडी.