‘मे’ म्हणजे मर्जी नव्हे

> “कलमात ‘करू शकतो’ या अर्थाचा इंग्रजी ‘मे’ शब्द आहे, म्हणून अर्जावर निर्णय द्यायला आम्ही बांधील नाही, असं पुण्यातल्या एका कार्यालयात सांगितलं. बरोबर आहे का?”

अजिबात नाही. ‘मे’ने अधिकार मिळतो हे खरं; पण तो लोकांच्या हितासाठी दिलेला असेल आणि अटी पुऱ्या झाल्या असतील, तर तो वापरणं कर्तव्य ठरतं. गोरधनदास भानजी खटला बघा. अंधेरीतल्या चित्रपटगृहाची परवानगी पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: अधिकार तुमचा आहे, स्वतः विचार करून ठरवा. मात्र निर्णय कोणता घ्यायचा, हे आयुक्तांवरच सोडलं. तेव्हा अटींची पूर्तता दाखवून लेखी, सकारण निर्णय मागा. तरीही टाळाटाळ झाली, तर मुंबई उच्च न्यायालयात परमादेशासाठी, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य बजावायला लावणाऱ्या आदेशासाठी, याचिका करता येते.