मदत हवी आहे: जोडलेल्या दोन पेंडुलमपैकी पहिला पूर्ण थांबतच नाही

बर्डीची_मुग्धा: परवा प्रॅक्टिकल आहे. आडव्या दोरीला दोन पेंडुलम टांगलेत, दोन्ही 50 सेंमी, बॉब सारखे. पहिला 8 सेंमी ओढून सोडला की दुसरा हळूहळू झुलू लागतो, इथवर ठीक. पण पहिला थांबायला हवा तेव्हाही सव्वादोन सेंमी झुलतच असतो, मग पुन्हा वाढतो. 40 सेकंदांचा फेरा. काय चुकतंय? लवकर सांगा!

कूलरवाला: कूलर बंद केला का? नागपुरात मे महिन्यात आमचं प्रत्येक रीडिंग त्याच्यानंच बिघडायचं.

निवृत्त_डेमो: वाऱ्यानं दर फेऱ्याला तेवढाच झोका उरणार नाही. मुग्धा, 50 सेंमी कुठपर्यंत मोजले? आणि दोन्ही सारखेच ओढून एकदम सोडले तर काय होतं?

बर्डीची_मुग्धा: कूलर बंदच आहे. पहिला बॉबच्या मध्यापर्यंत मोजलाय. दुसऱ्याचा दोरा तुटला म्हणून नवा बांधला, तो बॉबच्या वरच्या कडेपर्यंत. बॉबचा व्यास 2 सेंमी. एवढ्यानं काय होणार? एकदम सोडले की थोड्या वेळानं एकाचा झोका मोठा आणि दुसऱ्याचा लहान होतो.

महालकर: आमच्या वाड्यात एका भिंतीवरची दोन घड्याळं अशीच एकमेकांना ओढायची. हायगेन्सनं 1665 मध्ये हेच पाहिलं होतं.

निवृत्त_डेमो: महालकरजी, घड्याळाला किल्लीची ऊर्जा मिळत राहते, म्हणून ती एका लयीत येतात आणि तशीच राहतात. इथं आहे तीच ऊर्जा ये-जा करते.

मुग्धा, दुसरा पेंडुलम 51 सेंमीचा झालाय. लांबीत 2 टक्के म्हणजे वारंवारतेत 1 टक्का. मूळ वारंवारता सुमारे 0.7 हर्ट्झ, म्हणजे फरक 0.007. तुझ्या 40 सेकंदांच्या फेऱ्याची वारंवारता 0.025. भागाकार 0.28, आणि 8 सेंमीचे 0.28 पट म्हणजे सव्वादोन सेंमी! तुझं रीडिंग चूक नाही, ते लांबीतली चूक दाखवतंय. लांब्या जुळल्या की दोन्ही एकदम सोडल्यावर झोके सारखेच राहतील. एकाच दिशेनं, मग उलट दिशांनी, असे दोन्ही प्रकारे 20-20 झोके मोज. त्या दोन वारंवारतांच्या फरकाचा व्यस्त म्हणजे तुझा फेरा.

विदर्भ_फिजिक्स: एवढं कशाला? आडवी दोरी जरा सैल सोड, जोड वाढेल, पहिला जवळजवळ थांबेल.

निवृत्त_डेमो: उरलेला झोका कमी होईल हे खरं. पण फेराही आखूड होईल आणि लांबीतली चूक आत तशीच राहील.

विदर्भ_फिजिक्स: परवा प्रॅक्टिकल आहे हो तिचं!

बर्डीची_मुग्धा: दोरा 1 सेंमी आखूड केला. फेरा 42 सेकंदांच्या आसपास आला, एकदम सोडले तर झोके सारखे राहतात. पण पहिला थांबतो तिथं अजून अर्धा सेंमी हालचाल दिसते.

निवृत्त_डेमो: ती हालचाल आडव्या दोरीच्या दिशेनं आहे की दोरीला काटकोनात? वरून बघ.