वाळूचे चरे आणि घड्याळाची काच

"मालवणात रोज किनाऱ्यावर फिरतो. मिनरल काच वर्षात चऱ्यांनी धुरकट झाली. आता सफायर घेऊ की ॲक्रिलिक?"

फिरण्यापुरतंच असेल तर सफायर. वाळूतल्या गारगोटीचा कठीणपणा मोहस् मापावर 7, मिनरल काच तिच्याहून मऊ, सफायर 9. पण होडीच्या काठावर आपटली तर सफायर तडकते, आणि बदलायला सगळ्यात महाग तीच. चकाकी रोखणारा थर नसेल तर उन्हात आकडेही नीट दिसत नाहीत.

बाबांच्या चावीच्या घड्याळाला ॲक्रिलिक आहे. चरे तर बोलता बोलता पडतात! नख अडकत नसेल, तर मऊ फडक्यावर पांढरी टूथपेस्ट (जेल नको) घेऊन पाचेक मिनिटं गोल घासतो, चरा जातो. तुमच्या मिनरल काचेवर हे चालणार नाही, ती बदलावीच लागेल.